जागा होती, पण हद्द आड येत होती

डिचोलीच्या बाजारात माझं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भजनी सप्ताहाची पत्रकं, चवथ जवळ आली की आरत्यांच्या पुस्तिका, असं काम बारा महिने चालतं. सगळं एकाच संगणकावर. त्यात १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क होती आणि गेल्या वर्षभरात ती इतकी मंदावली की सकाळी संगणक सुरू करून मी दुकान झाडून, देवाला फूल वाहून येई, तरी पडद्यावरचा गोल फिरतच असायचा. एसएसडी घालायची हे नक्की झालं होतं. पण विंडोज नव्यानं टाकणं मला परवडणारं नव्हतं. माझं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचा परवाना त्या संगणकाशी बांधलेला आहे आणि ज्यांच्याकडून घेतलं ते दुकान कधीच बंद झालं. शिवाय युनिकोडच्या आधीचे साठ-सत्तर मराठी फॉन्ट, मोठ्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि त्याच्या रंगांची बसवलेली गणितं. एवढं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर जायला हवं होतं. म्हणजे क्लोनच करायचा.

जुन्या डिस्कवर दोन मोठे भाग होते. सी आणि डी. सी २९९ जीबीचा, त्यात भरलेले ९६. डी जवळजवळ ६३२ जीबीचा, त्यात भरलेले ११८. बेरीज २१४. मी हिशेब केला की ४८० जीबीची एसएसडी पुष्कळ झाली, निम्मीसुद्धा भरणार नाही. ती आणली, संगणकातच दुसऱ्या साटा केबलला जोडली, पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हे लिनक्सवरचं डिस्कची नक्कल काढायचं साधन सुरू केलं आणि डिस्कवरून डिस्कवर हा साधा पर्याय निवडला. त्यानं कामाला हातच लावला नाही. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान आहे, असं सांगून थांबलं.

मला ते पटेना. २१४ जीबी माल ४८० च्या डिस्कमध्ये का मावू नये? रात्री भाच्याला फोन लावला. तो वेर्ण्याला एका कारखान्यात संगणकाचं काम बघतो.

"मावशी, डिस्कवर किती भरलंय ते मला सांगू नकोस. शेवटचा भाग कुठे संपतो ते सांग."

"म्हणजे?"

"आपल्या माडांच्या भाटाचा सर्व्हेचा नकाशा आठव. त्यात हद्द काढलेली असते, इथून तिथपर्यंत. आत माड दहा आहेत की शंभर, ते हद्दीला माहीत नसतं. पार्टिशन टेबल म्हणजे तसलाच नकाशा. तुझा डी ९३१ जीबीच्या खुणेवर संपतो असं त्यात लिहिलंय. एसएसडी संपते ४४७ वर. मग नकाशातला डी तिच्यावर उभा कसा राहणार?"

४४७ हा आकडा कुठून आला तेही त्यानंच सांगितलं. डिस्क विकणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ ला तीनदा गुणून एक जीबी धरतं आणि लिहितं जीबीच. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१.५ दिसते आणि ४८० ची एसएसडी ४४७.१. हिशेब करताना दोन्ही बाजूंना एकच माप हवं, नाहीतर तेहतीस जीबीची चूक होते. या लेखात पुढे मी विंडोजचंच माप धरलं आहे. जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

मग भरलेल्या जागेला काही महत्त्वच नाही का? आहे, आणि फार आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी. भाग किती आक्रसता येईल याची खालची मर्यादा भरलेली जागा ठरवते. डीमध्ये ११८ जीबी आहेत, तर तो ११८ च्या खाली कधीच जाणार नाही. तो ४०० भरलेला असता तर आधी फायली बाहेरच्या डिस्कवर हलवल्याशिवाय हा सगळा खटाटोपच व्यर्थ होता. म्हणजे आधी भरलेलं बघायचं, मग त्यानुसार हद्द आत ओढायची आणि मगच क्लोनला बसायचं. मी पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारली होती.

माझी पहिली योजना होती दोन्ही भाग लहान करायची. सी १५० चा, डी २५० चा. ती भाच्यानं खोडून काढली आणि या सगळ्या कामातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सी लहान केला, तर त्याच्या मागे रिकामी पोकळी तयार होते. डी मात्र होता तिथेच राहतो आणि त्याची शेवटची खूण ९३१ वरच असते. ती अलीकडे आणायची तर अख्खा डी डावीकडे सरकवावा लागतो. सरकवणं म्हणजे प्रत्येक ब्लॉक उचलून दुसरीकडे लिहिणं. ते अर्ध्यावर थांबलं तर अर्धा भाग जुन्या जागी, अर्धा नव्या जागी, आणि दोन्ही निरुपयोगी. हे काम माझ्या एकुलत्या एका मूळ डिस्कवर कशाला करायचं?

त्यापेक्षा सीला हातच लावायचा नाही. रिकव्हरी, ईएफआय वगैरे बारके भाग आणि सी मिळून ३००च्या थोडं अलीकडे संपतात. तिथून ४४७ पर्यंत १४७ जीबी उरतात. डी १४५ च्या आसपास आणला, की सगळं एसएसडीच्या हद्दीत येतं आणि मूळ डिस्कवर एकही भाग सरकवावा लागत नाही. सी गरजेपेक्षा मोठा आणि डी ठासून भरलेला अशी बेढब वाटणी होईल खरी, पण ती नंतर एसएसडीवर नीट करता येते. तेव्हा जुनी डिस्क कपाटात सुरक्षित पडलेली असेल. माझ्या डिस्कवर रिकव्हरीचा भाग सुरुवातीला होता, म्हणून हे जमलं. नंतरच्या विंडोज १० च्या बऱ्याच मांडण्यांत तो सीच्या मागे, शेवटी असतो. तसं असतं तर तो आधी सरकवावा लागला असता.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ आणि सी५ या दोन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यानं बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यानं प्रलंबित ठेवलेले. माझ्याकडे दोन्हींचा आकडा शून्य होता. सी५ मध्ये काही दिसलं असतं, तर आक्रसायचा विचारच सोडायला हवा होता. आक्रसताना डिस्कला कित्येक जीबी इकडून तिकडे करावे लागतात आणि मरणाच्या दारातल्या डिस्कला तेवढे श्रम द्यायचे नसतात. तिची आधी मोठ्या डिस्कवर जशी निघेल तशी नक्कल काढून घ्यायची, पुढचं सगळं त्या नकलेवर. दुसरी गोष्ट, `manage-bde -status` देऊन विंडोजचा डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर बंद असल्याची खात्री केली. तो चालू असेल तर बाहेरच्या प्रोग्रॅमला आतल्या फायली दिसत नाहीत. कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं हेच त्याला कळत नाही. मग तो सगळा भाग कच्चा उचलतो. आणि हो, डीवरचं गेल्या पाच वर्षांचं काम बाहेरच्या डिस्कवर आधीच उतरवून ठेवलं होतं. त्याशिवाय मी याला हात लावला नसता.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं, डीवर उजवं बटण, श्रिंक व्हॉल्यूम. मला साधारण ४८६ जीबी कमी करायचे होते. विंडोज म्हणालं, जास्तीत जास्त ३१४ मिळतील. ५०० हून अधिक जीबी रिकामे असताना ३१४ च का?

इथे ती माडाची उपमा पुन्हा कामाला आली. हद्द आत घ्यायची तर हद्दीजवळचे माड आधी उपटून आत लावावे लागतात. विंडोज बहुतेक फायली तसं करतं. पण काही फायली त्याला चालू स्थितीत हलवता येत नाहीत. असला एकच माड वाटेत उभा असला, की हद्द त्याच्यापाशी थांबते. तो माड कोणता, हेही विंडोज लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखाली ॲप्लिकेशनची यादी असते, तिथे २५९ क्रमांकाची नोंद शोधायची. माझ्या नोंदीत हे होतं:

```
The last unmovable file appears to be: \pagefile.sys::$DATA
The last cluster of the file is: 0x4f7c3a2
```

दुसऱ्या ओळीतला आकडा मी मुद्दाम मोजून बघितला. सोळाच्या पायाच्या मोजणीतला तो आकडा साध्या मोजणीत ८,३३,४६,३३८ होतो. एक क्लस्टर ४ केबीचा, म्हणजे ती फाइल डीच्या सुरुवातीपासून ३१७.९ जीबीवर संपत होती. डी ६३१.९ चा. वजाबाकी बरोबर ३१४. विंडोज मनानं काही सांगत नव्हतं, हे बघून मला धीर आला.

पेजफाइल म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल. ती डीवर कशी? कधीतरी सीवरची जागा वाचवायला कुणीतरी ती तिकडे हलवली होती. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन डीवरची पेजफाइल काढली, ती सीवर ठेवली आणि संगणक पुन्हा सुरू केला. पुन्हा श्रिंकला विचारलं तेव्हा ४०० च्या वर गेलं, पण ४८६ नाही. आता २५९ च्या नोंदीत System Volume Information या फोल्डरमधली, महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्यांची फाइल होती. ती म्हणजे पूर्वस्थितीला परतण्यासाठी विंडोज राखून ठेवतं त्या सावली-प्रती. डीसाठी सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलं आणि जुन्या प्रती पुसल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ४९४ मिळतील असं उत्तर आलं. पुरे होतं. सी आक्रसायचा असता तर वाटेत आणखी `hiberfil.sys` आली असती, कारण हायबरनेशनची ती फाइलही हलत नाही. ती `powercfg /h off` या आज्ञेनं जाते.

श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये लिहायचा असतो. मी ४,९८,००० लिहिला आणि बटण दाबलं. खिडकी गोठल्यासारखी झाली, वर प्रतिसाद देत नाही असं आलं. पण डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता आणि आतून चाकाची घरघर ऐकू येत होती. म्हणजे फायली आत येत होत्या. बंद करायचा मोह आवरला आणि पत्रिकांच्या घड्या घालत बसले.

ऑगस्टचा पाऊस. चाळीस-एक मिनिटांनी आभाळ कडाडलं आणि वीज गेली. माझ्या यूपीएसच्या बॅटरीची मुदत केव्हाच संपली होती हे मला तेव्हा कळलं. दोन मिनिटंही त्यानं तग धरला नाही, संगणक फटकन बंद. त्या अंधारात बसून मी डोक्यात डीवरची एकेक फाइल मोजत होते. भाच्याला फोन केला.

"विंडोजमधून आक्रसत होतीस ना? मग घाबरू नकोस. ते आधी फायली एकेक करून आत आणतं आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं. हद्द अगदी शेवटी बदलतं. मधे थांबलं तर काही फायली आत आलेल्या असतील, हद्द जुनीच असेल. भाग डावीकडे सरकवत असतीस तर मात्र मी आत्ता तुझ्याकडे यायला निघालो असतो."

वीज आल्यावर बघितलं. डी अजून ६३१.९ चाच होता, फायली सगळ्या जागच्या जागी. `chkdsk D: /f` चालवलं, त्यात दोष निघाला नाही. पण पुढचं काम यूपीएसच्या भरवशावर करायचं नाही असं ठरवलं. शेजारच्या फार्मसीवाल्या दादांकडे फ्रिजसाठी इन्व्हर्टर आहे. त्यांच्याकडून एक्स्टेंशनची वायर ओढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रिंक लावलं. बरंचसं आधीच आत आलं होतं, त्यामुळे या वेळी तासाच्या आत उरकलं. डी १४५.६ जीबीचा झाला आणि त्याच्यामागे काळ्या पट्टीची मोकळी जागा दिसू लागली.

आता क्लोन. पण त्याआधी विंडोज खरोखर पूर्ण बंद व्हायला हवं. नेहमीच्या बंद करण्यात फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धं झोपलेलं राहतं आणि त्याचे भाग अर्धवट उघड्या अवस्थेत असतात. मग लिनक्सवरचे प्रोग्रॅम त्या भागांना हात लावायला नकार देतात. म्हणून `powercfg /h off` इथेही दिलं, कारण त्यानं फास्ट स्टार्टअपही जातो. मग क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून थेट आज्ञा लिहायच्या पडद्यावर गेले. त्याच्या मेनूमध्येही डिस्कच्या आकाराची तपासणी वगळायचा पर्याय आहे, `-icds` नावाचा. पण मला प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघायची होती.

पहिली आज्ञा कुठली डिस्क कोणती ते ओळखण्याची. `lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL` दिल्यावर जुनी `sda` आणि नवी `sdb` दिसली. दोन्हींचे अनुक्रमांक मी डिस्कवरच्या चिकटपट्टीशी ताडून कागदावर लिहिले, कारण संगणक पुन्हा सुरू केला तर ही नावं अदलाबदल होऊ शकतात. इथे उलटसुलट झालं, तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. नंतर `sudo parted /dev/sda unit s print` देऊन डीचा शेवटचा सेक्टर वाचला. तो होता ९३,३६,१९,७११. एसएसडीचे एकूण सेक्टर ९३,७७,०३,०८८. जीपीटी पद्धतीत टेबलाची राखीव प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांवर असते, तेवढे सोडले तरी जवळजवळ २ जीबी शिल्लक राहत होते. या एका तुलनेनं मला जे समाधान दिलं ते कुठल्याही हिरव्या बरोबरच्या खुणेनं दिलं नसतं. इथे आकडा जास्त निघाला असता, तर पुढे जायचंच नव्हतं. विंडोजमध्ये परत जाऊन आणखी आक्रसायचं.

मग टेबल उतरवलं.

```
sudo dd if=/dev/sda of=/dev/sdb bs=512 count=2048
sudo sgdisk -e /dev/sdb
sudo partprobe /dev/sdb
```

पहिल्या ओळीनं डिस्कच्या सुरुवातीचे २०४८ सेक्टर नव्या डिस्कवर गेले. पार्टिशन टेबल त्यातच असतं. पण त्या टेबलात लिहिलेलं असतं की राखीव प्रत १ टीबीच्या शेवटी आहे, आणि तसा शेवट एसएसडीला नाहीच. म्हणून दुसरी ओळ. ती राखीव प्रत एसएसडीच्या खऱ्या शेवटाला नेऊन ठेवते. ती चालताना डिस्क टेबलात लिहिल्यापेक्षा लहान आहे असा इशारा येतो, तो येणारच असतो. डी आत ओढलेला नसता तर मात्र ही दुरुस्ती शक्य नव्हती, कारण शेवटचा भागच डिस्कच्या बाहेर लोंबकळत राहिला असता. या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे डिस्कची आणि भागांची ओळखचिन्हं जशीच्या तशी येतात. विंडोज सुरू होताना ती शोधतं, त्यामुळे बूटची वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही.

मग आतला माल. तीन बारके भाग सरळ उचलले, सी आणि डी मात्र पार्टक्लोननं.

```
for n in 1 2 3; do sudo dd if=/dev/sda$n of=/dev/sdb$n bs=1M; done
sudo partclone.ntfs -b -s /dev/sda4 -o /dev/sdb4
sudo partclone.ntfs -b -s /dev/sda5 -o /dev/sdb5
```

भरलेल्या जागेचं दुसरं महत्त्व इथे दिसतं. पार्टक्लोन एनटीएफएसचा नकाशा वाचतं आणि फक्त भरलेले ब्लॉक नेतं. सीच्या वेळी पडद्यावर भागाचा आकार ३२१ जीबी आणि भरलेले १०३ जीबी असं आलं. हे आकडे शंभर कोटींच्या मापातले आहेत, म्हणजे आपले तेच २९९ आणि ९६. निळी पट्टी वीसेक मिनिटांत टोकाला पोहोचली. सगळा सी `dd` नं उचलला असता तर तिपटीनं वेळ गेला असता आणि एसएसडीवर दोनशे जीबी निव्वळ रिकामपण लिहिलं गेलं असतं. डीला थोडा जास्त वेळ लागला, दोन्ही मिळून पाऊण तासाच्या आत झालं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भरलेलंच नेतो म्हणून पार्टक्लोनला लहान भागात उतरता येत नाही. प्रत्येक ब्लॉक तो मूळच्याच पत्त्यावर ठेवतो, म्हणून नवा भाग निदान मूळ भागाएवढा असावाच लागतो. फक्त भरलेलं कॉपी होतं हे वाचून आक्रसायची गरज नाही असं मी आधी समजले होते. माझी सगळी गफलत त्याच समजुतीत होती.

संगणक बंद करून जुनी डिस्क काढूनच टाकली. दोन्ही डिस्कांची ओळखचिन्हं आता एकच होती. दोघी एकदम जोडलेल्या असल्या, तर विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं आणि कधी कधी कुठल्या डिस्कवरून आपण चाललो आहोत तेच कळत नाही. नव्या डिस्कवरून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी झाडू हातात घेतला होता. तो ठेवेपर्यंत संगणक तयार होता.

त्याच रात्री दुकान बंद केल्यावर वाटणी नीट केली. जुनी डिस्क बाहेर, इन्व्हर्टरची वायर तशीच. जीपार्टेडच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून एसएसडीवरचा सी २९९ वरून २०० वर आणला, डी डावीकडे सरकवला आणि उरलेली जागा त्याला दिली. तो २४६ जीबीचा झाला. ज्या सरकवण्याला मूळ डिस्कवर मी घाबरत होते, तेच आता शांतपणे केलं. बिघडलं असतं तर पाऊण तासाचा क्लोन पुन्हा केला असता, एवढंच. मग विंडोजमध्ये येऊन `chkdsk` चालवलं, ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये डिस्क सॉलिड स्टेट म्हणून ओळखली जाते ना ते बघितलं आणि सीसाठी सिस्टिम प्रोटेक्शन चालू केलं.

शेवटी ते सॉफ्टवेअर. मनात धाकधूक होती ती त्याचीच. असले जुने परवाने बरेचदा सी भागाच्या अनुक्रमांकाशी बांधलेले असतात, काही मात्र खुद्द डिस्कच्या कारखान्यातल्या अनुक्रमांकाशी. पहिला अनुक्रमांक एनटीएफएसच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असतो, म्हणून क्लोनमध्ये तो येतो. दुसरा कुठल्याही क्लोननं येत नाही. काम सुरू करण्याआधी मी `vol C:` देऊन आलेली चार-चार अक्षरं वहीत लिहून ठेवली होती. आता पुन्हा दिलं आणि वहीशी ताडलं. तीच होती. मग आयकॉनवर दोनदा दाबलं. परवान्याची चौकट आली नाही. गेल्या वर्षीची आरत्यांची पुस्तिका उघडली, आणि सुखकर्ताची रफारासकट सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. चवथ उरकेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं दुकानात सांगून ठेवलंय.